बलकातलं कोलेस्टेरॉल जातं कुठे?

1991 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या डॉ. फ्रेड कर्न यांनी त्यात 88 वर्षांच्या एका गृहस्थाची हकिकत मांडली होती. वृद्धांच्या वसाहतीत राहणारे हे गृहस्थ रोज सुमारे 25 अंडी खात. अंडी उकडलेली, बलकासकट, आणि हा क्रम किमान 15 वर्षं चाललेला. अंडी खाण्याचा हा ध्यास त्यांना स्वतःलाही आवरत नव्हता. एका बलकात साधारण 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे रोज साडेचार-पाच हजार मिलिग्रॅम त्यांच्या पोटात जात होतं. तेव्हाचा सर्वमान्य सल्ला होता दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी. तरीही त्यांच्या रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल होतं 200 आणि एलडीएल 142. त्या वयाच्या कुणाच्याही रिपोर्टमध्ये दिसावेत असे हे आकडे.

एकट्या माणसावरून जगासाठी नियम काढता येत नाही, हे खरं. पण कर्न यांनी नुसतं नवल सांगून विषय सोडला नाही. एवढं कोलेस्टेरॉल पोटात जाऊन पुढे काय होतं, याचा त्यांनी माग काढला. त्या गृहस्थांनी खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी सुमारे 18 टक्केच आतड्यातून शोषलं जात होतं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांमध्ये हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. बाकीचं शौचावाटे बाहेर जात होतं. जे शोषलं जात होतं, त्यातल्या बऱ्याच भागाचं यकृत पित्ताम्लांत रूपांतर करत होतं, आणि तेही सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट वेगाने. शरीराला कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्याचा हाच मोठा रस्ता असतो. त्यांच्या शरीराने आत येणारं दार अर्धवट लोटून घेतलं होतं आणि बाहेरचं सताड उघडलं होतं.

बलक खावा की नाही, या प्रश्नाचं उत्तर या दोन दारांत आहे. आपल्याकडे हा प्रश्न फार सरधोपटपणे विचारला जातो. बलकात कोलेस्टेरॉल आहे, रक्तातही कोलेस्टेरॉल आहे, म्हणून ताटातलं उचलून रक्तात पडतं, असं गृहीत धरलं जातं. जिममध्ये जाणारी मुलं सहा अंडी फोडतात आणि सहाही बलक बेसिनमध्ये ओततात. पन्नाशीच्या माणसाचा रिपोर्ट जरा वर गेला की घरात पहिली बंदी येते ती अंड्यावर, आणि पोळीवरचं तूप तसंच राहतं.

रासायनिक दृष्ट्या दोन्हीकडचं कोलेस्टेरॉल अगदी एकच. फरक आहे तो आकड्याच्या अर्थात. बलकातला आकडा म्हणजे एका पदार्थाचं वजन. रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी. ती नळातून येणाऱ्या पाण्यावर जितकी ठरते, तितकीच खालून जाणाऱ्या पाण्यावर. नळ थोडा मोठा केला आणि खालचा वापरही वाढला, तर पातळी हलत नाही.

बलकापासून सुरुवात करू. पचनात बलकातल्या मेदाचे बारीक थेंब होतात आणि कोलेस्टेरॉल पित्तरसाबरोबर मिसळून लहान आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आतड्यात त्या वेळी असलेल्या कोलेस्टेरॉलपैकी अन्नातून आलेला वाटा लहान असतो. यकृत पित्तावाटे दिवसाला सुमारे 1,000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतःच आतड्यात सोडत असतं. त्यात एका अंड्याचे 190 मिळतात. अस्तरातल्या पेशींवर कोलेस्टेरॉल आत ओढणारं एक प्रथिन असतं, आणि नको असलेला भाग पुन्हा आतड्यात ढकलणारी दुसरी जोडीही असते. या देवघेवीतून सरासरी निम्मं कोलेस्टेरॉल आत राहतं. मात्र ही सरासरी आहे. कुणी पाव भाग घेतं, तर कुणी पाऊण. हा फरक बराचसा जन्मजात असतो.

आत आलेलं कोलेस्टेरॉल अन्नातल्या मेदाबरोबर मोठ्या कणांत भरलं जातं. हे कण लसिकेच्या वाटेने रक्तात उतरतात, वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना मेद देतात, आणि उरलेले तुकडे काही तासांत यकृत उचलून घेतं. म्हणजे बलकातलं कोलेस्टेरॉल थेट धमनीच्या भिंतीवर जाऊन बसत नाही. आधी ते यकृताच्या ताब्यात येतं आणि पुढचा निर्णय यकृत घेतं.

आता यकृताची बाजू. आपलं शरीर रोज 700 ते 900 मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतं. काही प्रमाणात सगळ्याच पेशी ते करतात. त्याशिवाय पेशींची आवरणं, पित्ताम्लं, कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरोन काहीच बनणार नाही. यकृत आपलं कोलेस्टेरॉल मेदाबरोबर कणांत भरून रक्तात पाठवतं. मेद वाटून झाल्यावर त्याच कणांचं एलडीएल होतं. एलडीएलचा कण दोन-तीन दिवस रक्तात फिरतो आणि शेवटी बहुतांशी यकृतच तो परत आत ओढतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक रेणू असतात. टेक्सासमधल्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ते शोधले आणि त्याबद्दल 1985 साली त्यांना नोबेल मिळालं.

या जोडीने दाखवलेली कळीची गोष्ट अशी, की पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती दोन गोष्टी करते. स्वतःचं उत्पादन कमी करते आणि बाहेरचे ग्राहकही कमी करते. उत्पादन कमी झालं की आपला फायदा, कारण अंड्यातून आलेल्या कोलेस्टेरॉलची त्यामुळे बरीचशी भरपाई होते. ग्राहक कमी झाले की मात्र तोटा, कारण एलडीएल रक्तात जास्त वेळ राहतं आणि पातळी चढते. बलक खाल्ल्यावर या दोन्ही गोष्टी घडतात. म्हणून 'अंड्याने कोलेस्टेरॉल वाढतच नाही' हे वाक्यही चूक, आणि 'जेवढं खाल तेवढं वाढेल' हेही चूक. वाढतं, पण भरपाई होऊन उरलेलं तेवढंच.

ते किती उरतं, हे मोजलेलं आहे. आहारातलं कोलेस्टेरॉल मुद्दाम कमी-जास्त करून रक्त तपासणारे अनेक प्रयोग नेदरलँड्समधल्या मार्टिन काटान आणि सहकाऱ्यांनी 2001 साली एकत्र केले. दिवसाला 100 मिलिग्रॅम जास्त कोलेस्टेरॉल खाल्ल्यावर रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सरासरी 2.2 मिलिग्रॅमने वाढतं, असं त्यांना दिसलं. यातला छोटा वाटा 'चांगल्या' एचडीएलचाही असतो. हिशेब केला तर रोजच्या एका अंड्याने साधारण चार अंकांची वाढ. 190 असेल तर 194.

इतक्या लहान परिणामाची इतकी मोठी भीती कुठून आली? मुळाशी आहेत ससे. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण शास्त्रज्ञाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल चारलं. त्यांचं रक्त कोलेस्टेरॉलने भरून गेलं आणि धमन्यांत माणसांसारखेच चरबीचे थर दिसले. त्या प्रयोगाचा अर्धा निष्कर्ष आजही भक्कम उभा आहे: रक्तात एलडीएलचे कण जास्त काळ जास्त संख्येने राहिले, की धमन्या खराब होतात. पण ससा हा निव्वळ गवत-पाला खाणारा प्राणी. त्याच्या अन्नात कोलेस्टेरॉल कधीच नसतं, आणि ते आल्यावर बाहेर टाकायची तयारीही त्याच्या शरीरात फारशी नसते. कुत्र्यांवर आणि उंदरांवर तेच करून पाहिलं, तेव्हा असं सहजी काही झालं नाही. माणूस या बाबतीत सशासारखा नाही. तरीही 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक असा सल्ला दिला, आणि तो जगभर पसरला. अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शनातून 300 चा आकडा 2015 च्या आवृत्तीत वगळला गेला. त्याचा अर्थ कोलेस्टेरॉल कितीही खा असा नव्हता. पण बातम्या तशाच छापून आल्या, आणि त्याचंही नुकसान झालं.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बलकाच्या शेजारी, तव्यावर असतो. संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, यकृतावरचे एलडीएलचे ग्राहक कमी करतो, आणि त्याची भरपाई करणारी यंत्रणा शरीरात तितकी चांगली नाही. आकडे समोरासमोर ठेवले की चित्र स्पष्ट होतं. एका अंड्यात कोलेस्टेरॉल 190 मिलिग्रॅम, पण संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम. मोठा चमचाभर, म्हणजे 14 ग्रॅम बटरमध्ये कोलेस्टेरॉल फक्त 30 मिलिग्रॅम, पण संपृक्त मेद सात ग्रॅम. दिवसाला 2,000 कॅलरी घेणाऱ्या माणसाने रोज तेवढं बटर सोडून त्याऐवजी सूर्यफूल किंवा शेंगदाण्यासारखं तेल वापरलं, तर त्याचं एलडीएल साधारण पाच ते सात अंकांनी उतरेल असा अंदाज काढता येतो. म्हणजे रोजच्या एका अंड्याच्या परिणामापेक्षा हा फरक जास्त. गाडीवरच्या बटरमधल्या अंडा भुर्जीत अंडी दोन असतात आणि बटरचे चमचेही दोन-तीन. ती भुर्जी खाऊन कोलेस्टेरॉल वाढलं, तर दोष अंड्याला देऊन चालणार नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 साली या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्या. 61 प्रौढांना आळीपाळीने तीन प्रकारचा आहार दिला. त्यातल्या एकात रोज दोन अंडी होती, पण संपृक्त मेद कमी. दुसऱ्यात अंडी नव्हती, पण संपृक्त मेद जास्त. तिसऱ्यात कोलेस्टेरॉल आणि संपृक्त मेद दोन्ही जास्त. एलडीएल उतरलं ते दोन अंड्यांच्या आहारात. संशोधनाचा खर्च अमेरिकी अंडी उद्योगाच्या संस्थेने केला होता, हे वाचकाला सांगितलंच पाहिजे. पण निष्कर्ष आधीच्या साठ वर्षांच्या प्रयोगांशी जुळतो, म्हणून तो मला विश्वासार्ह वाटतो.

यातून आपल्याकडच्या दोन गैरसमजांचा उलगडा होतो. पहिला, 'आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कोलेस्टेरॉल कसं होईल?' ज्याने आयुष्यात अंड्याला हात लावला नाही त्याचं एलडीएल 170 असू शकतं, कारण ते यकृत तयार करतं आणि तूप, साय, वनस्पती तूप, फरसाण, बेकरीची खारी हे सगळं त्याला मदत करतं. दुसरा गैरसमज तेलाच्या बाटलीवर छापलेला असतो: 'कोलेस्टेरॉल-फ्री'. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, त्यामुळे कोणत्याही वनस्पतिजन्य खाद्यतेलाबाबत ते खरंच असतं. खोबरेल तेलातही कोलेस्टेरॉल नाही. पण त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त आहे आणि ते एलडीएल वाढवतं. उलट कोकणातल्या कोळंबीत कोलेस्टेरॉल भरपूर, पण संपृक्त मेद अगदीच थोडा. म्हणजे वाटणात खोबरं किती आणि तळणाला तेल कोणतं, हे आधी पाहावं. कोळंबीची चौकशी नंतर.

आता थोडं सावधगिरीचं. सरासरी चार अंक म्हणजे प्रत्येकाचे चार नव्हेत. काटान यांच्याच प्रयोगांत काही माणसं अशी निघाली, की तेवढ्याच अंड्यांनी त्यांची पातळी इतरांपेक्षा पुष्कळ वर जायची. काहींची हलायचीही नाही. साधारण चार-पाच जणांत एक जण असा जास्त प्रतिसाद देणारा असतो, असं मानलं जातं. आणखी एक बारकावा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. परिणामाची चढण सुरुवातीला उभी असते, मग सपाट होते. ज्याच्या जेवणात आधीच मांस आणि दोन अंडी आहेत, त्याला तिसरं अंडं फारसं जाणवत नाही. पण ज्याच्या आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ शून्य आहे, त्याच्या बाबतीत पहिलंच अंडं जास्त काम करतं. अमेरिकेतल्या, मुळातच अंडी-मांस खाणाऱ्या माणसांवरचे 'काही फरक पडला नाही' असे निष्कर्ष म्हणूनच नव्याने अंडी सुरू करणाऱ्या शाकाहारी माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

हृदयविकाराचा प्रत्यक्ष धोका वाढतो का, यावर मोठी सर्वेक्षणं एकमेकांशी भांडतात. 2019 साली 'जामा'मध्ये सुमारे 29,600 अमेरिकनांचा अभ्यास आला. त्यात जास्त अंडी आणि जास्त धोका यांचा संबंध दिसला. 2020 साली 'बीएमजे'मधल्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत असा संबंध दिसला नाही. अशा अभ्यासांत माणसं काय खातात हे त्यांनाच विचारलेलं असतं, पहिल्या अभ्यासात तर एकदाच, सुरुवातीला, आणि मग वर्षानुवर्षं फक्त वाट पाहिलेली. शिवाय अमेरिकेत अंडं येतं ते बेकन आणि सॉसेजच्या सोबतीने. त्या संगतीचा परिणाम आकडेमोडीने पूर्ण वेगळा काढता येत नाही. मधुमेही माणसांत मात्र धोक्याची खूण अनेकदा दिसली आहे, तेव्हा त्यांनी हात आखडता ठेवावा हेच बरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सध्याच्या सल्ल्याचा सूरही असाच आहे: निरोगी माणसाला दिवसाला एक अंडं चालेल, एलडीएल जास्त असलेल्यांनी आणि विशेषतः मधुमेहींनी सांभाळून.

आणि जर आतड्यातलं शोषण इतकं बिनमहत्त्वाचं असतं, तर एझेटिमाइब नावाची गोळी चाललीच नसती. ती आतड्यातल्या कोलेस्टेरॉल आत ओढणाऱ्या प्रथिनाला अडवते, आणि एलडीएल 18-20 टक्क्यांनी उतरवते. कारण ती अंड्याच्या 190 बरोबर पित्तातलं हजार मिलिग्रॅमही परत येऊ देत नाही.

तुम्ही स्वतः कोणत्या गटात आहात, हे सरासरी सांगणार नाही. रक्त सांगेल. पण इथे बहुतेकांची चूक होते ती अशी: महिनाभर अंडी खाल्ली, एक तपासणी केली, आकडा आठने वाढला, अंडी बंद. आहारात काहीही न बदलता एकाच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांत दहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतं. ताप किंवा संसर्ग असेल तर ते खोटंच खाली दिसतं, आणि त्या काळात वजन उतरत असेल तर काहीच कळत नाही. म्हणून सुरुवातीला आठवड्याच्या अंतराने दोन तपासण्या, एकाच लॅबमध्ये. समजा एलडीएल 128 आणि 122 आलं, तर सरासरी 125 धरा. मग सहा आठवडे रोज दोन अंडी, उकडून किंवा थोड्या तेलात. बाकी जेवण, वजन, औषधं सगळं आहे तसंच. शेवटी पुन्हा दोन तपासण्या. सरासरी 130 आली, तर ती अपेक्षित वाढीइतकी आणि नेहमीच्या चढउताराच्या आत आहे. काळजीचं कारण नाही. 150 आली, तर तुम्ही जास्त प्रतिसाद देणाऱ्यांपैकी असू शकता. तुमच्यासाठी आठवड्याला दोन-तीन बलक आणि बाकी पांढरा भाग हेच योग्य. मधुमेह, हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

शेवटी एक गोष्ट कळकळीने. एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त आलं, तर ते सहसा अंड्यांमुळे नसतं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असा जनुकीय दोष असतो, की यकृतावरचे ग्राहक जन्मापासूनच कमी किंवा निकामी असतात. अशा माणसाने अंडी सोडून सहा महिने वाट पाहणं म्हणजे सहा महिने वाया घालवणं. त्याने डॉक्टरांना गाठावं, आई-वडिलांपैकी, भावंडांपैकी कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला होता का ते सांगावं, आणि सख्ख्या भावंडांची व मुलांची लिपिड प्रोफाइल करून घ्यावी. या दोषात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.